पाव मिनिटाचं गणित : नाडी मोजताना मी काय चुकले

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य सखी आणि गटांच्या अध्यक्ष-सचिवांसमोर जे बोलले, ते थोडं नीट करून इथे देते आहे. ज्या मैत्रिणी सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी.)



आज कर्जाचा विषय नाही, त्यामुळे पासबुकं पिशवीत ठेवलीत तरी चालेल. आज मला एका आकड्याबद्दल बोलायचंय. तो आकडा आहे 72.

मागच्या वर्षी आपल्या एका गावात आरोग्य तपासणीचा दिवस ठेवला होता. वजन, उंची, बीपी आणि नाडी एवढंच आपल्याकडे होतं. बाकीचं नर्सताई बघणार होत्या. नाडीच्या टेबलावर मी बसले होते. सकाळी पहिल्या सात-आठ जणींची मी नीट मोजली. मग रांग वाढली, भाकऱ्या टाकायच्या राहिल्या म्हणून बाया घाई करायला लागल्या, आणि मी हात धरायचे, दोन-चार ठोके लागले की "बरोबर आहे" म्हणायचे आणि 72 लिहायचे. कॉलेजात शिकलेलं होतं ना, साधारण 72 असते म्हणून! संध्याकाळी रजिस्टर बघितलं तर एकाखाली एक 72, 72, 72. कुणी काही बोललं नाही. मीही नाही बोलले.

त्या बहात्तरांमध्ये एका आत्यांचंही नाव होतं. त्यांच्याकडे मी नंतर येते. आधी नाडी मोजायची कशी ते सांगते, म्हणजे आत्यांच्या बाबतीत काय झालं ते नीट समजेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. वैद्य तीन बोटं ठेवून नाडी बघतात, वात-पित्त सांगतात, बाईचा डावा हात आणि पुरुषाचा उजवा हात धरतात. आपण ते करत नाही. आपण फक्त मोजतो. हृदय एकदा आवळलं की रक्ताचा एक धक्का शिरेतून पुढे जातो, तो मनगटावर बोटाला लागतो. एका मिनिटात असे किती धक्के लागले, एवढंच आपल्याला हवंय. त्यामुळे हात कुठलाही चालेल.

जिची नाडी मोजायची तिला आधी पाच मिनिटं बसू द्या. डोक्यावर हंडा घेऊन आलेली, चढ चढून आलेली, नाहीतर आत्ताच सुनेशी भांडून आलेली बाई असेल तर आकडा वाढलेलाच येणार. चहा किंवा मिश्री झाली असेल तर अर्धा तास जाऊ द्या. मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि तंबाखूनं नाडी वाढते. दात घासते हो फक्त, असं म्हणून काही उपयोग नाही.

मग हात मांडीवर उताणा ठेवायचा. बांगड्या वर सरकवायच्या. हिरव्या चुड्याच्या घट्ट बांगड्या असतील तर दुसरा हात बघा, पण बांगडीवरून मोजायला जाऊ नका. अंगठ्याच्या मुळापासून सरळ खाली या, मनगटाच्या घडीच्या दोन बोटं मागे. तिथे बाहेरच्या बाजूला हाड लागतं आणि आतल्या बाजूला दोरीसारखं ताठ काहीतरी लागतं. त्या दोन्हींच्या मधे एक खोबण आहे. तर्जनी आणि मधलं बोट त्या खोबणीत ठेवा. अंगठा ठेवायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि तुम्ही समोरचीची सोडून आपलीच मोजत बसाल. दाबायचं हलकं. पिठात बोट घालून पाणी कमी की जास्त बघतो ना, तेवढंच. जोरात दाबलं की शीर चेपते आणि ठोका गायब होतो. मग आपण घाबरतो. ठोका नाही लागला तर आधी बोट सैल करा, मग जागा बदला.

आता घड्याळ. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारापासून तीनपर्यंत गेला की 15 सेकंद होतात. म्हणजे पाव मिनिट. पाव मिनिटात जेवढे ठोके, त्याच्या चौपट म्हणजे मिनिटाचे. अठरा आले तर अठरा चोक बहात्तर. पाढा येत नसेल तर दुप्पट करा आणि पुन्हा दुप्पट करा. एकोणीसची दुप्पट अडतीस, अडतीसची दुप्पट शहात्तर. आपल्या एका गटातल्या मावशींनी मला याहून सोपं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, आठवड्याला एकवीस रुपये बचत, तर चार आठवड्यांचे चौऱ्याऐंशी, त्यात काय एवढं!" त्यांना पाढा येत नाही, पण बचतीचा हिशेब कधी चुकलेला नाही.

हे सगळं सोपं आहे. चूक होते ती सुरुवातीच्या ठोक्याला.

दोघी जणी असाल तर एकीनं घड्याळ बघायचं आणि "सुरू" म्हणायचं, 15 सेकंदांनी "बस" म्हणायचं. मोजणारीनं "सुरू" म्हटल्यानंतर जो पहिला ठोका लागेल त्याला एक म्हणायचं. हे बरोबर. पण तुम्ही एकट्या असाल, मोबाईलचं स्टॉपवॉच हातात असेल आणि ठोका लागला त्याच क्षणी तुम्ही बटण दाबलं, तर त्या ठोक्याला एक म्हणायचं नाही. त्याला शून्य म्हणायचं. पुढच्याला एक. का? तर तुम्ही मैलाच्या दगडापाशी उभ्या राहून चालायला लागलात, तर ज्या दगडापाशी उभ्या आहात तो धरून एक किलोमीटर झाला असं म्हणत नाही. पुढचा दगड आला की एक झाला. तसंच हे.

एका ठोक्यानं काय फरक पडतो असं वाटेल. पण आपण चौपट करतो ना, मग चूकही चौपट होते. खरे 25 असताना 26 मोजले तर 100 च्या जागी 104 लिहिलं जातं. मोठ्या माणसाची शांत बसलेली नाडी साधारण 60 ते 100 मध्ये असते. म्हणजे एका ठोक्याच्या चुकीनं बाई त्या रेषेच्या आतली की बाहेरची हे बदलतं. अगदी नीट मोजलं तरी 15 सेकंदांच्या मोजणीत तीन-चारचा फरक राहतोच, कारण शेवटचा ठोका "बस"च्या आधी पडला की नंतर, यावर तो ठरतो. म्हणून आकडा 96 च्या पुढे किंवा 64 च्या खाली आला की थांबा आणि पूर्ण मिनिट मोजा. पूर्ण मिनिटात एका ठोक्याची चूक ही एकाच ठोक्याची राहते.

आणि आता एक गंमत. पाव मिनिटानं मोजलेला आकडा नेहमी चारच्या पाढ्यातलाच येतो. 68, 72, 76, 80, 84. कुणाच्या रजिस्टरमध्ये 74 दिसलं तर तिनं अर्धा मिनिट मोजलंय, 37 दुणे 74, नाहीतर पूर्ण मिनिट. 75 दिसलं तर तिनं पूर्ण मिनिट मोजलंय. आणि "15 सेकंद" असं लिहून पुढे 75 असेल, तर बाईसाहेबांनी मोजलेलंच नाही! सगळ्यांच्या पुढे 72 असेल तर काय, ते मी आधीच सांगितलं.

आता आत्या.

वय पासष्टच्या पुढे. गटाच्या पहिल्या दिवसापासून सभासद. त्यांची तक्रार जुनीच होती. थोडं चाललं की धाप लागते, मधेच जीव घाबरा होतो, छातीत काहीतरी फडफडतं. घरचे म्हणायचे वय झालं. आत्याही म्हणायच्या वय झालं.

मी 72 लिहिल्यानंतर साधारण चार महिन्यांनी त्याच गावात पुन्हा तपासणी होती. या वेळी माझ्याबरोबर एक नवीन आरोग्य सखी होती. कोरोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, आम्ही बरोबर नेलं होतं. त्यात दोन आकडे दिसतात, एक SpO2 म्हणजे ऑक्सिजनचा आणि दुसरा PR म्हणजे नाडीचा. आत्यांच्या बोटाला लावलं तर नाडीचा आकडा एका जागी थांबेना. 92, मग 118, मग 101, मग 87. आम्हाला वाटलं सेल गेले. सेल बदलले, तरी तेच. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर यंत्र असं करतं, म्हणून आत्यांचे हात चोळून गरम केले. तरी तेच. मग यंत्र ठेवलं बाजूला आणि म्हटलं हातानंच मोजू.

नवीन सखीनं मोजलं. 15 सेकंदांत 24. चोवीस चोक शहाण्णव. मी म्हटलं एकदा मीही बघते. मी मोजलं तर 31. चौपट केली, 124. एकीचं 96 आणि एकीचं 124! एका ठोक्याची चूक समजू शकते, सात ठोक्यांची कशी होईल? मी तिला म्हटलं, तू मधले ठोके सोडलेस. ती बिचारी गप्प बसली. नवीन होती ना. पण खरं सांगते, चूक तिचीही नव्हती आणि माझीही नव्हती.

मी पुन्हा बोटं ठेवली आणि या वेळी आकडा न मोजता नुसता ताल ऐकला. आपली नाडी जात्याच्या घरघरीसारखी एका लयीत चालते. आत्यांची तशी नव्हती. दोन ठोके भराभर, मग थांबा, मग एक मोठा, मग तीन बारीक, मग पुन्हा थांबा. त्या थांबण्यातही काही नियम नव्हता. पाचव्या ठोक्याला चुकते, दहाव्याला चुकते, असं काहीच नाही.

मग आम्ही पूर्ण मिनिट मोजलं, पण पाव-पाव करून. सखी घड्याळ बघून प्रत्येक पंधराव्या सेकंदाला "पाव" म्हणायची, आणि मी आकडा सांगून पुन्हा एकपासून सुरू करायची. पहिल्या पावात 24. दुसऱ्यात 31. तिसऱ्यात 22. चौथ्यात 27. बेरीज 104. आता बघा, आम्ही कुठलं पाव मिनिट पकडतो त्यावर उत्तर 96 किंवा 124 किंवा 88 किंवा 108 आलं असतं. चारही मोजण्या बरोबर आणि चारही उत्तरं चूक. चौपट करताना आपण न बोलता एक गोष्ट धरून चालतो, की उरलेलं पाऊण मिनिट पहिल्या पावासारखंच जाणार. ज्या नाडीला लय नाही, तिच्या बाबतीत हे धरताच येत नाही.

खात्री करायला मी तसंच सखीचं मोजलं. 19, 19, 18, 19. बेरीज 75. इथे कुठलंही पाव घेतलं तरी 72 नाहीतर 76 येतं. हिच्यासाठी चौपट चालते.

मी रजिस्टरमध्ये 104 लिहिलं आणि पुढे लिहिलं, "पूर्ण मिनिट मोजली. अनियमित. चार पाव 24, 31, 22, 27." हे शेवटचे चार आकडे लिहायचे की नाही असं वाटत होतं, उगाच शहाणपणा केल्यासारखं. पण दुसऱ्या दिवशी आत्यांना घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवरचे तेच चार आकडे दोनदा वाचले आणि लगेच ईसीजी काढायला सांगितला.

निघालं एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे खालच्या कप्प्यांचे ठोके वेडेवाकडे पडतात. डॉक्टरांनी छातीला नळी लावून मोजले तर 118 आले, आणि त्याच मिनिटाला मनगटावर 104. फरक का? तर काही ठोके इतके घाईत पडतात की हृदय भरायच्या आतच आवळतं, मग तो धक्का मनगटापर्यंत पोचतच नाही. म्हणजे अशा माणसात मनगटावरचा आकडा खऱ्याहून कमी असू शकतो. आणि धोका नुसता धापेचा नसतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा.

आत्यांना रक्त गोठू न देणारी गोळी आणि ठोके सावकाश करणारी गोळी सुरू झाली. गेल्या महिन्यात मी पूर्ण मिनिट मोजली. 78. लय अजून तशीच आहे, पण धाप कमी झालीये असं त्या म्हणतात.

त्या चार महिन्यांत काही झालं नाही, हे आमचं नशीब. मी हे आत्यांना सांगितलं, की आत्या, मागच्या वेळी मी तुमची नाडी न मोजताच लिहिली होती. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला कळलं होतं. तू हात धरलास आणि बघत दुसरीकडेच होतीस."

असो.

सभेत तुम्ही विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं इथे लिहिते. एका ताईंनी विचारलं की ठोका कधीमधी एखादा चुकतो, तेही वाईट का? क्वचित एखादा ठोका लवकर पडून मग थोडा थांबा येणं, हे बऱ्याच चांगल्या तब्येतीच्या माणसांतही होतं. पण ते वारंवार होत असेल, किंवा आत्यांसारखी लयच सापडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचंच. आपण नाव द्यायचं नाही. "तुम्हाला अमुक आजार आहे" हे आपलं काम नाही, तो ईसीजी सांगतो. आपलं काम "अनियमित" एवढा शब्द लिहिणं.

दुसरा प्रश्न गरोदर बाईचा होता. गरोदरपणात नाडी दहा ते वीसने वाढते, त्यामुळे नव्वदीत असली तर एवढ्यावरून घाबरायचं नाही. पण बाळंतपणानंतर रक्तस्राव होतोय आणि दर वेळी मोजताना आकडा चढत चाललाय, 88, 100, 116 असा, तर तिसऱ्या मोजणीची वाटच बघू नका, गाडी बोलवा. लहान मुलांची नाडी मुळातच जलद असते, त्यांना हा 60 ते 100 चा नियम लावू नका. रक्त कमी असलेल्या बाईची नाडीही वाढलेली असू शकते, पण ते नाडीवरून ठरवायचं नाही, हिमोग्लोबिन तपासायला पाठवायचं. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी कमी होते. म्हणून 56 दिसलं तर आधी विचारा, गोळी कुठली चालू आहे. चक्कर येत नसेल, बरं वाटत असेल, तर ते लिहून पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनानं बंद करायला सांगू नका.

आणि छातीत दुखतंय, दरदरून घाम आलाय, शुद्ध हरपतेय, एका बाजूचा हात उचलत नाही, असं काही असेल तर नाडी मोजत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा. मोजणी गाडी येईपर्यंत वेळ असेल तर.

पुढच्या महिन्यापासून आपल्या आरोग्य रजिस्टरमध्ये नाडीच्या एका रकान्याचे तीन रकाने केलेत. पहिल्यात किती सेकंद मोजली, 15 की 60. दुसऱ्यात मोजलेले ठोके, चौपट न करता, जसे आले तसे. तिसऱ्यात मिनिटाचा आकडा आणि त्यापुढे "नियमित" किंवा "अनियमित". मधला रकाना मुद्दाम ठेवलाय. चौपट करताना गडबड झाली तर मागून दुरुस्त करता येते, पण मूळ ठोके लिहिलेच नसतील तर काही करता येत नाही. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकीची पहिल्या वेळी पूर्ण मिनिटच मोजायची, पाव नाही, आणि पहिले दहा ठोके आकडा न मोजता नुसती लय बघायची.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीनं घरातल्या तिघांची नाडी या तीन रकान्यांत लिहून आणा. तिघांचीही 72 असेल तर मी विचारणार आहे.